एकाच रक्ताचे दोन आकडे

ग्लुकोमीटरच्या पट्टीत एक विकर म्हणजे एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं. बोटातलं रक्त आत ओढलं गेलं की ते साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि मीटर त्यातून निर्माण होणारी सूक्ष्म वीज मोजतो. साखर जास्त, तर वीज जास्त. मात्र पट्टीत जातं ते पेशींसकट रक्त, आणि लॅबमध्ये साखर मोजतात ती पेशी वेगळ्या केल्यावर उरलेल्या प्लाझ्मात. म्हणून मीटर आकडा प्लाझ्माच्या मापात बदलून दाखवतो. तसं करताना तांबड्या पेशींनी रक्ताची साधारण ४३ टक्के जागा व्यापलीय, असं बहुधा गृहीत धरलेलं असतं. अ‍ॅनिमियात हे प्रमाण २५ वर आलं, की साखर पट्टीतल्या विकरापर्यंत सहज पोहोचते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. साखर धोकादायक उतरलेली असतानाही ती ठीक दिसू शकते. काही नवे मीटर पेशींचं प्रमाण स्वतः मोजून ही चूक सुधारतात. जुन्या पट्ट्यांना ते जमत नाही.

लॅबचा आकडाही निर्दोष नसतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के. नमुना दोन तास पडून राहिला, तर १०० ची साखर नव्वदीच्या खाली उतरू शकते.

आयसीयूत ज्याला एबीजी मशीन म्हणतात, त्या ब्लड गॅस अ‍ॅनालायझरच्या बाबतीत तर कधीकधी लॅबच मागे पडते. रक्तात ट्रायग्लिसराइड प्रचंड वाढून स्वादुपिंडाला सूज आलेला एक रुग्ण घ्या. लॅब सोडियम १२६ सांगते, एबीजी १४०. लॅबचं मोठं यंत्र प्लाझ्माचा थेंब बऱ्याच पटींनी पातळ करून मोजतं आणि त्यात ९३ टक्के पाणी आहे असं धरतं. सोडियम तर फक्त त्या पाण्यातच असतं. निरोगी माणसाच्या एक लिटर प्लाझ्मात ९३० मिलिलिटर पाणी आणि १४० मिलिमोल सोडियम, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे १५०. या रुग्णाच्या प्लाझ्मात चरबीने जागा अडवली आणि पाणी ८४० मिलिलिटर उरलं. पाण्यातलं प्रमाण तेच, १५०. पण लिटरभर प्लाझ्मात सोडियम भरलं १२६. एबीजी मशीनचा इलेक्ट्रोड न पातळलेल्या रक्तात थेट पाण्यातलंच सोडियम जोखतो आणि ते १५० नेहमीच्या ९३ टक्के पाण्याच्या हिशोबाने १४० असं दाखवतो, म्हणून त्याला चरबीने फरक पडत नाही.

शरीराच्या पेशींनाही पाण्यातलंच प्रमाण जाणवतं. म्हणून इथे लॅबच्या १२६ वर विसंबून तीव्र सलाइन चढवलं, तर सोडियम खरोखरच धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. अशा वेळी नळीतला प्लाझ्मा डोळ्यांनी पाहावा. तो दुधासारखा पांढरट असेल तर शंका घ्यावी. मग प्रत्यक्ष मोजलेली ऑस्मोलॅलिटी मागवावी. ती २८५ च्या आसपास, म्हणजे नेहमीइतकी आली आणि एबीजीचं सोडियमही १४० असेल, तर कमतरता फक्त कागदावर आहे. उपचार करायचे ते चरबीवर, सोडियमवर नव्हे.