३०७ नंबरच्या खोलीतला वास

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या खिडकीची जाळी फाटली आणि एका बोक्याने खोलीचा ताबा घेतला. जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा तो पसार झाला होता, वास मात्र हजर होता! फरशीच्या कोपऱ्यात आणि माझ्या कापसाच्या गादीवर.

पहिली चूक मीच केली. काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड फरशीवर मारलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या रात्री बोका परत त्याच कोपऱ्यात. कारण सोपं आहे. मूत्रातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनियाच बनतो. म्हणजे आपण त्याच्या जागेवर त्याच्याच ओळखीचा वास शिंपडला. मग रूममेट ब्लीचिंग पावडर घेऊन आला, त्याला वेळीच थांबवलं. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. बंद खोलीत हा खेळ जिवावर बेतू शकतो.

जुना वास निव्वळ अमोनियाचा नसतो. बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटून गंधकयुक्त, उग्र वासाची द्रव्यं बनतात. वाळलेला अंश फरशीच्या सांध्यात नि कापसात बसून राहतो आणि पावसाळी हवेत पुन्हा जागा होतो. फिनेल त्यावर फक्त पांघरूण घालतं. एन्झाइम क्लीनर (पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो) हा अंशच तोडतो. बऱ्याच बाटल्यांत एन्झाइमसोबत उपयोगी जिवाणूही असतात.

आम्ही असं केलं. आधीचं लिक्विड साध्या पाण्याने तीनदा धुऊन काढलं, कारण फिनेल किंवा ब्लीच उरलं तर एन्झाइम निकामी होतात. गरम पाणीही नको. रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने डाग शोधले आणि खडूने खुणा केल्या. मग क्लीनर पुसला नाही, ओतला. मूत्र जितकं खोल गेलं तितकंच यानेही जायला हवं. गादीवरच्या ताटाएवढ्या डागाला पाव लिटर लागलं. वर प्लास्टिक टाकून रात्रभर ओलं ठेवलं, कारण वाळलं की काम थांबतं. सकाळी पंख्याखाली आणि नंतर दोन दिवस गच्चीवर उन्हात.

पहिल्या दिवशी वास वाढला, घाबरू नका. ओल लागल्यावर तसं होतंच. फरशी एकदाच्या हप्त्यात सुधारली. गादीला आठवड्याने दुसरा हात द्यावा लागला. खात्री करायची तर वाळलेल्या जागी थोडं पाणी शिंपडून वास घ्यायचा. आला, तर अंश शिल्लक आहे.

मूत्र पार तळापर्यंत मुरलं असेल, तर मात्र बाटल्या संपवू नका. खोळ उसवा, खराब कापूस फेका आणि गादी नव्याने भरून घ्या. आणि हो, आधी जाळी बदला! आम्ही ती सगळ्यात शेवटी बदलली.