४७ तासांचे २३ कसे होतात?

कामाच्या तासांची नोंद एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला आठवड्याची बेरीज करताना कधीतरी एक अजब आकडा दिसतो. सोमवार ते शनिवार रोजचे तास नीट भरलेले असतात, बेरजेचे सूत्रही बरोबर असते, तरी एकूण तास एका दिवसापेक्षा कमी भरतात. अशा वेळी बेरीज चुकलेली नसते, ती दाखवण्याची पद्धत चुकलेली असते.

एक्सेलच्या लेखी एक पूर्ण दिवस म्हणजे १ हा अंक. वेळ त्या दिवसाचा अंश म्हणून साठवली जाते. १२ तास म्हणजे ०.५ आणि ६ तास म्हणजे ०.२५. सेलमध्ये ८:३० लिहिले, तरी आत साठतो तो साधारण ०.३५४२ हा अंश. पडद्यावर दिसणारे ८:३० हे त्या अंशावर चढवलेले रूप असते आणि ते रूप सेलचा फॉरमॅट ठरवतो.

एका कामगाराचा आठवडा घेऊ. B2 ते B7 या सहा सेलमध्ये त्याचे तास असे आहेत: सोमवारी ८:३०, मंगळवारी ८:१५, बुधवारी ९:००, गुरुवारी ७:४५, शुक्रवारी ८:३० आणि शनिवारी ५:००. हातावर मोजले तर एकूण ४७ तास होतात. B8 मध्ये बेरजेचे सूत्र असे:

```
=SUM(B2:B7)
```

उत्तर दिसते २३:००. आत मात्र ४७ भागिले २४, म्हणजे १.९५८३ हा आकडा बरोबर साठलेला असतो. ज्या सेलची बेरीज केली, त्यांचाच `h:mm` हा फॉरमॅट एक्सेल सहसा उत्तराच्या सेललाही लावते. हा फॉरमॅट घड्याळाची वेळ सांगण्यासाठी आहे. त्यामुळे १.९५८३ मधला १ हा पूर्ण उलटलेला दिवस मानून तो बाजूला ठेवला जातो आणि उरलेल्या अंशाचे तास तेवढे दिसतात. एकूण ५० तास झाले असते तर २:०० दिसले असते, आणि बरोबर ४८ झाले असते तर ०:००.

शंका आली तर सेलचा फॉरमॅट क्षणभर `General` करून पाहावा. १.९५८३ च्या आसपासचा आकडा दिसला की बेरीज शाबूत असल्याची खात्री पटते. त्या आकड्याला २४ ने गुणले की खरे तास मिळतात.

उपाय सोपा आहे. बेरजेचा सेल निवडून Ctrl+1 दाबावे, `Number` या टॅबमध्ये `Custom` निवडावे आणि `Type` च्या चौकटीत पुढील फॉरमॅट लिहावा:

```
[h]:mm
```

चौकटी कंस लागताच तास २४ पाशी परत शून्यावर येत नाहीत, साठत जातात आणि ४७:०० दिसते. एकूण मिनिटे हवी असतील तर `[mm]` लिहावे, म्हणजे २८२० दिसतील. गूगल शीट्समध्ये Format मेनूतील Number खाली Duration हा तयार पर्याय आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही `[HH]:MM` असा कंस चालतो. रोजच्या नोंदींचा फॉरमॅट बदलण्याची गरज नसते, कारण एका दिवसाचे काम २४ तासांच्या आतच असते.

वेळ मजकुरात घालताना हीच चूक पुन्हा डोके वर काढते. `TEXT` सूत्रात `"h:mm"` लिहिले तर फॉरमॅट सुधारलेल्या सेलमधूनही २३:०० च येते, म्हणून तिथेही कंस द्यावा लागतो:

```
=TEXT(B8,"[h]:mm")
```

मजुरी काढताना फॉरमॅटचा उपयोग नसतो, कारण गुणाकार आत साठलेल्या अंशाचा होतो. ताशी १२० रुपये दर असेल आणि B8 ला थेट १२० ने गुणले, तर उत्तर २३५ येते. ते दिवसांना तासाच्या दराने गुणल्याचे फळ आहे. आधी दिवसांचे तास करावे लागतात:

```
=B8*24*120
```

याचे उत्तर ५६४० रुपये. या सेललाही वेळेचा फॉरमॅट चिकटला असेल, तर तो `Number` करून घ्यावा.

कंस लावूनही बेरीज कमीच राहिली, तर दोष बहुधा नोंदींत असतो. दुसऱ्या प्रणालीतून आणलेल्या फाइलमधल्या वेळा कधी मजकूर म्हणून येतात आणि `SUM` त्यांना मोजतच नाही. वेगळे संरेखन दिलेले नसेल तर असा मजकूर सेलच्या डाव्या कडेला आणि खरी वेळ उजव्या कडेला दिसते. त्या नोंदी पुन्हा वेळ म्हणून भरल्या की बेरीज पुरी होते.