गल्ल्याला बांधलेली वही

आम्हा कर सल्लागारांचं एक गुपित आहे. छोट्या किराणा दुकानदाराचं विवरणपत्र भरताना आम्ही त्याच्या वह्या क्वचितच पाहतो. 2014 च्या सुमारास 44एडी कलमाखाली उलाढालीच्या 8 टक्के उत्पन्न दाखवलं की वह्या ठेवायची सक्ती राहत नसे. बार्शीच्या एका अण्णांचं काम मी वर्षानुवर्षं असंच उरकत होतो. महिन्याची विक्री तीन लाख, म्हणजे उत्पन्न 24 हजार. अण्णा सही करायचे आणि जाताना हमखास म्हणायचे, "कागदावर दिसतंय तेवढं हातात राहत नाही हो."

2014 सालची गोष्ट. अण्णांची मुलगी दिवसभर गल्ल्यावर बसायची आणि शटर पडलं की चुलतभावाचं अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक उघडायची. अडलं की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. तिचा पहिलाच प्रश्न असा होता: "काका, रोजची विक्री अण्णा कशी काढतात माहितीये? रात्री गल्ला मोजतात आणि सकाळचे सुटे वजा करतात. मग दिवसात कुणी पैसे काढले तर ते कुठे दिसणार?"

दिसणारच नाहीत. काढलेले पैसे कमी विक्री होऊन लपतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी अण्णांना कधी विचारलीच नव्हती.

तिने आठवडाभर प्रत्येक रोख विक्री कागदावर टिपली. सोमवारचा मेळ तिने मला दाखवला होता. सकाळची शिल्लक 1,500, रोख विक्री 9,860, उधारीची वसुली 700, एकूण 12,060. पाव-बेकरीवाल्याला आणि हमालाला मिळून दिले 1,400. उरायला हवे होते 10,660, मोजले तर 9,915. तूट 745 रुपयांची.

अण्णांचा संशय लगेच दुकानातल्या पोऱ्यावर गेला. त्याला उद्यापासून येऊ नकोस सांगायचं, इथवर गोष्ट आली. ती म्हणाली, "अण्णा, आधी घरात विचारू." जेवताना तिने एकेकाला विचारलं. आईने भाजीला 120 नेले होते, भावाने पेट्रोलला 200, आजीच्या औषधाला 310 गेले होते आणि अण्णांचं स्वतःचं चहापान 115. बेरीज बरोब्बर 745. पोऱ्याची नोकरी त्या रात्री वाचली.

पुस्तकात याला उचल म्हणतात, म्हणजे मालकाने धंद्यातून घरासाठी काढलेले पैसे किंवा माल. तो धंद्याचा खर्च नव्हे. ती भांडवलातून वजा होते. तिने गल्ल्याला सुतळीने एक वही बांधली: घ्या, पण लिहून घ्या. महिन्याची उचल निघाली 22 हजारांच्या घरात. घरी गेलेलं तेल आणि साखर वेगळी.

मग खरा नफा किती? त्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा रात्री बसून तिने पोऱ्याबरोबर सगळा माल खरेदीच्या भावाने मोजला. सुरुवातीचा माल 3,80,000, घरी गेलेला माल वजा करून खरेदी 2,90,000, शेवटी उरलेला माल 4,04,000. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत 2,66,000. विक्री तीन लाख, तेव्हा ढोबळ नफा 34,000. भाडं, वीज, पगार, हमाली यांचे 23,000 गेले. राहिले 11,000.

दुकान 11 हजार कमवत होतं आणि घर 22 हजार खात होतं. मधला खड्डा घाऊक व्यापारी भरत होता, कारण त्याची देणी महिन्यागणिक थकत चालली होती. आणि मी सरकारला 24 हजार दाखवत होतो.

त्या व्यापाऱ्याची एक सवलत होती: सात दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट. अण्णांनी ती कधी घेतली नव्हती, कारण हातात रोकड नसायची. तिने उधारीची वही जुन्या-नव्याप्रमाणे लावली. येणं 1,10,000 होतं. आधी नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे गेली, तीन महिन्यांत 62 हजार आणले. 28 हजार बुडीत धरले. त्यावर अण्णा दोन दिवस रागावले, कारण बुडालेले पैसे बुडाले असं लिहिणं त्यांना अपशकुनासारखं वाटत होतं. वसुलीतून थकबाकी फेडली, उरलेल्यातून रोखीची खरेदी सुरू झाली. महिन्याला दीड लाखाच्या मालावर सूट मिळू लागली, म्हणजे तीन हजार.

अकरा आणि तीन, चौदा. अण्णांची महिन्याची उचल तिने तेवढीच ठरवली. पेट्रोल बंद झालं म्हणून भाऊ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

पुढच्या जुलैत अण्णा विवरणपत्राला आले, बरोबर ती. मी कर भरायचा आकडा सांगितला. तिने वही उघडून विचारलं, "काका, हा अण्णांचा प्राप्तिकर. दुकानाच्या खर्चात नाही ना टाकायचा? उचलीतच जाईल." उत्तर बरोबर होतं. अण्णा मात्र बोटांवर हिशेब करत होते, की या महिन्यात चहाला किती उरले.