ब्लूटूथमधील पेअरिंग, बाँडिंग आणि उपकरणांचे विस्मरण

ब्लूटूथ उपकरणे एकमेकांना ‘ओळखतात’ अथवा ‘विसरतात’ असे व्यवहारात म्हटले जाते. या बोलण्यात दोन निराळ्या क्रियांची सरमिसळ झालेली आहे. पहिली क्रिया पेअरिंगची. तीत दोन उपकरणे मिळून एक समाईक गुप्त किल्ली निर्माण करतात. दुसरी क्रिया बाँडिंगची. तीत ती किल्ली दोन्ही उपकरणे पुढील भेटीसाठी आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पेअरिंग हा प्रसंग होय आणि बाँडिंग ही त्या प्रसंगाची नोंद होय. मात्र ही नोंद एक नसून दोन असतात, आणि त्या परस्परांशी जुळत्या राहतील अशी व्यवस्था पाहणारा तिसरा कोणी नसतो. उपकरणांच्या आकस्मिक विस्मरणाचे बहुतेक प्रकार या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

संगणक आणि बिनतारी कळफलक यांचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. पेअरिंगच्या वेळी संगणकाच्या पडद्यावर सहा अंक दिसतात. ते कळफलकावर टंकून शेवटी एंटर दाबावयाचे असते. या अंकांना पासकी म्हणतात, आणि नावावरून साहजिकच असा समज होतो की हीच ती गुप्त किल्ली. जुन्या पद्धतीच्या बाबतीत हा समज सत्यापासून फार दूर नव्हता. तीत वापरकर्त्याने दिलेल्या पिन-अंकांवरूनच किल्ली सिद्ध होई, आणि तिच्यातील अन्य घटक हवेतून उघडपणे जात असत. त्यामुळे ज्याने पेअरिंगची संपूर्ण देवघेव चोरून ऐकली असेल, त्याला सर्व संभाव्य पिन एकामागून एक ताडून पाहता येत. इस्रायलमधील यानिव शाकेद आणि अविशाय वूल यांनी 2005 साली दाखवून दिले की, चार अंकी पिन शोधण्यास 3 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 संगणकाला 0.06 सेकंद पुरतात.

2007 साली आलेल्या ब्लूटूथच्या 2.1 या आवृत्तीने ही रचना मुळापासून बदलली. नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरण एक खाजगी संख्या स्वतःपाशी ठेवते आणि तिच्यावरून काढलेली एक सार्वजनिक संख्या दुसऱ्याकडे पाठविते. आपली खाजगी आणि दुसऱ्याची सार्वजनिक संख्या यांच्या संयोगाने दोघांनाही एकच गुपित मिळते, आणि त्यावरून 128 बिटांची किल्ली तयार होते. नुसते ऐकणाऱ्याच्या हाती दोन्ही सार्वजनिक संख्या आल्या तरी त्यांवरून त्याला ते गुपित काढता येत नाही. तथापि एक धोका उरतो. एखादा तिऱ्हाईत मध्ये उभा राहून संगणकाला ‘मी कळफलक’ आणि कळफलकाला ‘मी संगणक’ असे भासवू शकेल. पासकीचे कार्य हा धोका टाळणे एवढेच आहे. तिच्यापासून किल्ली बनत नाही. सार्वजनिक संख्या खरोखरच समोरच्या उपकरणाकडून आली आहे, याची ती साक्ष देते. सहा अंकांची पासकी द्विमान पद्धतीत 20 बिटांत मावते, आणि एका फेरीत एक बिट याप्रमाणे 20 फेऱ्यांत ती पडताळली जाते. तोतयाला प्रत्येक फेरीत अदमास बांधावा लागतो, आणि पहिल्या चुकीलाच पेअरिंग मोडते. सर्व फेऱ्या निभावून नेण्याची त्याची शक्यता सुमारे दहा लाखांत एक इतकीच राहते. काम संपताच पासकी निरुपयोगी होते. म्हणून पुढे कधी उपकरणे दुरावली असता जुने अंक आठवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ होय.

पुढील प्रत्येक भेटीत उपयोगी पडते ती साठविलेली किल्ली. ती हवेतून कधीच पाठविली जात नाही. एक उपकरण दुसऱ्याला एक यादृच्छिक संख्या देते. दुसरे ती संख्या आणि आपल्यापाशी असलेली किल्ली यांवरून उत्तर काढते. पहिले तेच गणित स्वतः करून उत्तर ताडून पाहते. उत्तरे जुळली तर किल्ल्या एकच आहेत असे सिद्ध होते.

आता असे समजावे की, एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली आहेत. कळफलक प्रथम लिनक्समध्ये जोडला आणि नंतर विंडोजमध्ये. ब्लूटूथचा पत्ता 48 बिटांचा असतो आणि तो संगणकातील रेडिओ-यंत्राचा असतो, कार्यप्रणालीचा नव्हे. त्यामुळे कळफलकाच्या दृष्टीने दोन्ही वेळा समोर तोच संगणक आहे. दुसऱ्या पेअरिंगच्या वेळी तो त्या पत्त्यासमोरील जुनी किल्ली पुसून नवी लिहितो. लिनक्सच्या नोंदीत मात्र जुनीच किल्ली राहते. पुन्हा लिनक्स सुरू केल्यावर कळफलक यादीत दिसतो, पण जोडला जात नाही. वस्तुतः येथे कोणीच काही विसरलेले नाही. दोघांनाही एकमेकांची आठवण आहे, परंतु त्या आठवणी निरनिराळ्या प्रसंगांच्या आहेत.

हा प्रकार इतर प्रकारांपासून वेगळा ओळखता येतो. लिनक्समधील `btmon` या आज्ञेच्या नोंदीत अपयशाचे कारण पुढीलप्रमाणे दिसते:

```
Page Timeout (0x04)
Authentication Failure (0x05)
PIN or Key Missing (0x06)
```

पहिल्याचा अर्थ असा की उपकरणाने प्रतिसादच दिला नाही. ते बंद असेल, दूर असेल किंवा अन्यत्र जोडलेले असेल. तेथे किल्लीचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसऱ्यात किल्ल्या दोन्हीकडे आहेत, पण भिन्न आहेत. वरील उदाहरण या वर्गातील होय. तिसऱ्यात एका बाजूची नोंद नाहीशी झालेली असते. कळफलक मूळ स्थितीत आणला असता असे घडते. कर्णयंत्रासारख्या लहान उपकरणात मोजक्याच नोंदींना जागा असते. ती भरल्यावर नव्या सोबत्यासाठी जुन्यातील एखादी नोंद मुकाट्याने काढली जाते, आणि ज्याची नोंद गेली त्याला याची कसलीही वार्ता नसते.

येथे असा प्रश्न संभवतो की, किल्ली हरवली असता उपकरणांनी आपण होऊन नवी का करू नये? याचे उत्तर शाकेद आणि वूल यांच्या त्याच संशोधनात आढळते. त्यांच्या हल्ल्याला पेअरिंगची देवघेव ऐकणे आवश्यक होते, आणि पेअरिंग तर एकदाच होते. म्हणून त्यांनी असा मार्ग सुचविला की, हल्लेखोराने एका उपकरणाच्या नावाने ‘माझ्यापाशी किल्ली नाही’ अशा अर्थाचा खोटा निरोप पाठवावा. दुसरे उपकरण त्यावर विसंबून जुनी किल्ली टाकून देई आणि पेअरिंग पुन्हा सुरू होई. म्हणजे विस्मरणाचे सोंग हेच आक्रमणाचे साधन ठरले. ज्या कर्णयंत्रांना पडदा नाही आणि कळाही नाहीत, त्यांच्या पेअरिंगमध्ये पासकीची साक्ष आजही नसते. तेथे मध्ये शिरणाऱ्याला संधी मिळते ती त्याच क्षणी. सबब नवी किल्ली करण्याचा निर्णय मनुष्याकडे असणे हेच इष्ट होय, आणि जे उपकरण विनाकारण पुन्हा पेअरिंग मागते त्याच्याविषयी थोडा संशय बाळगणे योग्य ठरते.

दुरुस्ती करताना नोंदी दोन आहेत हे ध्यानात ठेवावे. नोंद एकाच बाजूने पुसली तर दुसरी बाजू जुन्या किल्लीला धरून राहू शकते. म्हणून ती दोन्हीकडून काढून मगच नवे पेअरिंग करावे. दोन कार्यप्रणालींच्या उदाहरणात मात्र हा उपाय अपुरा पडतो, कारण एकीकडे केलेले पेअरिंग दुसरीकडचे मोडतच राहील. तेथे विंडोजच्या रजिस्ट्रीतील किल्ली वाचून ती लिनक्समध्ये `/var/lib/bluetooth` खालील त्या कळफलकाच्या `info` या फाइलीत `[LinkKey]` या शीर्षकाखाली लिहावी लागते. असे केल्यावर दोन्ही कार्यप्रणालींकडे एकाच प्रसंगाची नोंद राहते, आणि कळफलकाला त्यांत भेद करण्याचे कारण उरत नाही.