चौघांत बारा गणितं

"ऐका ना, सोमवारी गणिताची असाइनमेंट द्यायची आहे. बारा गणितं आहेत, सगळी इंटिग्रेशनची. वाटून घेऊ या का? मी १, ५, ९ करते. रोल नंबरने माझ्या पुढचा २, ६, १०, त्याच्या पुढचा ३, ७, ११ आणि शेवटचा ४, ८, १२. शनिवारी रात्रीपर्यंत वहीचे फोटो फक्त आपल्या पुढच्याला पाठवायचे, शेवटच्याने मला. ग्रुपवर टाकायचे नाहीत. ज्याला मिळाले त्याने तपासायचं, कसं तपासलं ते खाली एका ओळीत लिहायचं आणि रविवारी सकाळी ग्रुपवर टाकायचं. न तपासलेलं काही नको प्लीज. मागच्या वेळी चौघांचंही एकच मायनस चुकलं होतं आणि सरांना लगेच कळलं."

असा मेसेज पुण्याच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलीने आपल्या अभ्यासाच्या ग्रुपला पाठवला आहे असं समजू. वाटून घेण्याची कल्पना जुनीच आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एक वही सगळ्या मजल्यांवरून फिरून येते, तीही एक प्रकारची वाटणीच. या मेसेजमधल्या दोन गोष्टी मात्र नेहमीच्या नाहीत.

पहिली गोष्ट आकड्यांची. सहसा वाटणी "१ ते ३ मी, ४ ते ६ तू" अशी होते, कारण ती सुचायला सोपी. पण असाइनमेंटमधली गणितं बहुधा पद्धतीनुसार लावलेली असतात. आधी सब्स्टिट्यूशनची, मग बाय पार्ट्सची, शेवटी लिमिट्स घालून किंमत काढायची. पहिली तीन घेणाऱ्याला बाय पार्ट्स करावंच लागत नाही आणि शेवटची तीन घेणारा सब्स्टिट्यूशनचा सराव न करताच परीक्षेला बसतो. १, ५, ९ अशा उड्या मारल्या की प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक जातीचं निदान एक गणित येतं.

दुसरी गोष्ट तपासण्याची, आणि वाटणीचं सगळं भलंबुरं तिथेच ठरतं. समोरच्याच्या ओळींवरून नजर फिरवून "बरोबर वाटतंय" म्हणणं म्हणजे तपासणं नव्हे. दुसऱ्याची नीट मांडलेली पायरी वाचताना मान आपोआप हलत जाते. मग पूर्ण गणित पुन्हा सोडवायचं का? तसं केलं तर वाटणीत वाचलेला वेळ तपासणीत गेला.

इथे इंटिग्रेशनचा एक गुण कामाला येतो. शाळेत भागाकाराचा ताळा गुणाकाराने करायचो, तसा इंटिग्रेशनचा ताळा डेरिव्हेटिव्हने होतो. इंटिग्रेशन करताना कोणती युक्ती लागेल हे ओळखावं लागतं आणि त्यात अर्धा तास जाऊ शकतो. डेरिव्हेटिव्ह काढायला मात्र ठरलेले नियम आहेत, ते लावत गेलं की झालं. सोडवायला अवघड आणि ताळा करायला सोपं असं काम असेल, तरच ते वाटून घेण्यात अर्थ आहे.

समजा, ∫ x cos x dx या गणिताचं उत्तर x sin x − cos x + C असं आलं. दिसायला अगदी खरं वाटणारं उत्तर आहे. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढू. पहिल्या पदातून sin x + x cos x मिळतं आणि −cos x मधून + sin x. बेरीज x cos x + 2 sin x. आपल्याला हवं होतं नुसतं x cos x. दोन sin x एकमेकांना खोडायच्या ऐवजी एकत्र आले, म्हणजे चिन्ह चुकलं. बरोबर उत्तर x sin x + cos x + C. या ताळ्याला एक मिनिटही लागत नाही, आणि कुठलं पद चुकलं तेही कळतं. मागच्या वेळचं ते मायनस इथेच सापडलं असतं.

ताळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो भांडण मिटवतो. ∫ sin x cos x dx चं उत्तर एकाचं येतं (sin² x)/2, दुसऱ्याचं −(cos² x)/2 आणि पुस्तकामागे छापलेलं असतं −(cos 2x)/4. मग ग्रुपवर पुस्तकाच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन पक्ष पडतात. तिन्हींचं डेरिव्हेटिव्ह काढलं तर तिन्ही वेळा sin x cos x च मिळतं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फरक फक्त स्थिर संख्येचा आहे. पहिल्यातून दुसरं वजा केलं तर x काहीही घ्या, अर्धाच उरतो. सगळे जण लिहून टाकतात तो शेवटचा + C यासाठीच असतो.

गणिताचा अभ्यास मिळून केल्याने काय होतं, याचं एक गाजलेलं निरीक्षण अमेरिकेतलं आहे. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्रीझमन हे कॅल्क्युलस शिकणाऱ्या मुलांकडे बारकाईने पाहत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येने मागे का पडतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे का राहतात, हा त्यांचा प्रश्न होता. मुलांना गोडी नाही, घरून पाठबळ नाही, ही सहकाऱ्यांची उत्तरं प्रत्यक्ष पाहणीत टिकली नाहीत. ठळक फरक दिसला तो अभ्यासाच्या रीतीत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करायची, पण बहुतेक एकेकटी. चिनी मुलं आधी बरेच तास एकटी बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहायची. एकाचंच उत्तर वेगळं आलं की चूक कुठे आहे ते त्याला लगेच समजायचं. सगळ्यांची वेगवेगळी आली, की गणितच कठीण आहे हे कळायचं. या निरीक्षणातून ट्रीझमन यांनी बर्कलीत गणिताच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे निकाल सुधारले.

पण ती मुलं गणितं वाटून घेत नव्हती. प्रत्येक जण सगळी सोडवायचा आणि मग जुळवायचा. आपल्या मेसेजमधल्या योजनेत एका गणिताचं एकच उत्तर तयार होतं, त्यामुळे जुळवायला दुसरं नसतं. वाटणीत वेळ वाचतो खरा, त्याची किंमत ही आहे. (माझं मत विचाराल तर बारापैकी सर्वांत अवघड दोन चौघांनीही करावीत आणि उरलेली दहा वाटावीत.)

तरी उत्तरं जुळली म्हणजे ती बरोबरच, असंही नाही. समजा बारावं गणित असं आहे: 1/(1 + cos² x) चं 0 पासून π पर्यंत इंटिग्रेशन करा. नेहमीची वाट म्हणजे अंश आणि छेदाला cos² x ने भागायचं आणि t = tan x ठेवायचं. आतलं सगळं dt/(2 + t²) होतं आणि उत्तर निघतं (1/√2) tan⁻¹(tan x/√2). आता लिमिट्स घाला. tan 0 शून्य, tan π पण शून्य. उत्तर 0.

याच वाटेने गेले तर चौघांचंही उत्तर शून्यच येईल आणि छान जुळेल. डेरिव्हेटिव्हचा ताळा केला तर तोही पास होईल, कारण त्या लांबलचक उत्तराचं डेरिव्हेटिव्ह खरोखरच 1/(1 + cos² x) येतं. आणि तरीही शून्य साफ चूक आहे.

कशावरून? cos² x नेहमी 0 ते 1 च्या मधे असतो, म्हणून 1/(1 + cos² x) कधीच अर्ध्याच्या खाली जात नाही आणि 1 च्या वर जात नाही. ज्या पट्ट्याचं क्षेत्रफळ आपण काढतोय त्याची रुंदी π, म्हणजे सुमारे ३.१४. तेव्हा उत्तर १.५७ आणि ३.१४ यांच्या मधेच असलं पाहिजे. शून्य तिथे बसूच शकत नाही.

घोळ tan मध्ये आहे. x जेव्हा π/2 वर पोचतो तेव्हा tan x ला किंमतच नसते. एका बाजूने तो वर अनंताकडे जातो आणि दुसऱ्या बाजूला खालून, उणे अनंताकडून परत सुरू होतो. म्हणून आपलं लांबलचक उत्तर नेमकं मधोमध तुटलेलं आहे, आणि तुटलेल्या जागेवरून उडी मारून लिमिट्स घालता येत नाहीत. 0 ते π/2 आणि π/2 ते π असे दोन तुकडे करायचे. दोन्ही सारखेच आहेत, प्रत्येकाची किंमत π/(2√2), आणि बेरीज π/√2, म्हणजे सुमारे २.२२. अंदाजाच्या चौकटीत हे नीट बसतं.

बारावं गणित शेवटच्या रोल नंबरने सोडवून मेसेज लिहिणाऱ्या मुलीकडेच पाठवायचं आहे. तिने फोटो उघडण्याआधी हा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला पाहिजे. हा क्रम मोडला तर उपयोग राहत नाही. "= 0" अशी व्यवस्थित अधोरेखित ओळ एकदा पाहिली की शून्य ओळखीचं वाटू लागतं, आणि मग अंदाजही त्याच्याकडे वळवायचा मोह होतो. आधी अंदाज, मग उत्तर, मग डेरिव्हेटिव्ह. लिमिट्सचं गणित असेल तर त्यांच्या मधे कुठे छेद शून्य होतो का किंवा tan तुटतो का, हे शेवटी पाहायचं. खालची ओळ इतकीच: "१.५७ ते ३.१४ मध्ये हवं, ० आलंय, π/2 पाहा." तपासणाऱ्याने स्वतः दुरुस्ती न करता गणित परत पाठवलं तर अधिक बरं. नाही तर ज्याची चूक झाली त्याला ती कधी कळतच नाही.

एका जातीच्या गणितांना मात्र यातला एकही ताळा लागू पडत नाही. y = x² ही रेघ, 0 ते 2 पर्यंत, X अक्षाभोवती फिरवली तर तिच्या खालच्या भागापासून होणाऱ्या घनाचं घनफळ 32π/5, सुमारे २०.१. तोच भाग Y अक्षाभोवती फिरवला तर 8π, सुमारे २५.१. सोडवणाऱ्याने घाईत अक्ष चुकीचा वाचला, तर पुढचं इंटिग्रेशन निर्दोष असेल, डेरिव्हेटिव्ह जुळेल आणि दोन्ही आकडे इतके जवळचे आहेत की ढोबळ अंदाजातही खटकणार नाहीत. चूक पहिल्या ओळीच्याही आधी, प्रश्न वाचतानाच झालेली असते. म्हणून अशा गणिताखाली तपासणाऱ्याची एकच ओळ ग्राह्य धरावी: प्रश्न वाचून आकृती आणि सूत्र आधी स्वतः लिहिलं, फोटो नंतर उघडला.