दोनांत तीन : पियानोवर हात सुटे होतात ते कसे

पियानो शिकायला सुरुवात करून काही महिने झाले की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. उजव्या हाताची चाल बसलेली असते, डाव्या हाताचे स्वरही बिनचूक पडत असतात. पण दोन्ही हात एकत्र आले की घोटाळा होतो. उजव्या हाताचे स्वर भरभर पडू लागले की डावाही त्याच्यामागे धावतो, नाहीतर डाव्याच्या संथ स्वरापाशी उजवा अडखळून उभा राहतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपला डावा हात कच्चा आहे. मग तो डाव्या हाताचा वेगळा सराव वाढवतो आणि पुन्हा दोन्ही हात जोडले की तेच घडतं.

हे असं का होतं, ते टेबलापाशी बसून पाहता येतं. दोन्ही तर्जन्या टेबलावर समोर ठेवा. दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग दोन्ही एकाच वेळी उजवीकडे, अशा हलवा. संथ गतीत हे सहज जमतं. आता गती हळूहळू वाढवत न्या. एका टप्प्यावर बोटं तुमचं ऐकेनाशी होतील आणि दोन्ही मिळून आत, दोन्ही मिळून बाहेर, अशी आरशासारखी हलू लागतील. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने हा प्रयोग नीट मोजमाप करून १९८४ साली मांडला, आणि हालचालींच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. हातांना एकमेकांशी जुळवून घेण्याची मुळातच ओढ असते. संथ गतीत त्या ओढीच्या विरुद्ध जाता येतं, गती वाढली की तीच जिंकते. पियानोचे शिक्षक ‘हळू वाजवा’ म्हणून मागे लागतात त्यामागचं हे खरं कारण आहे. हातांना नवी जुळणी शिकवायची असेल, तर ती शिकण्याइतकी मोकळीक फक्त संथ लयीतच मिळते.

आपल्याकडे अनेकजण पियानोकडे किंवा कीबोर्डकडे पेटीवरून येतात. त्यांचा उजवा हात तयार असतो, पण डाव्या हाताने वर्षानुवर्षं भाताच सांभाळलेला असतो. भात्याची हालचाल उजव्या हाताच्या स्वरांशी ठोक्याला ठोका जुळवावी लागत नाही, त्यामुळे दोन हातांच्या वेळा जुळवायचा प्रसंगच आलेला नसतो. मात्र पेटी किंवा तबला शिकलेल्यांच्या हाताशी एक मोठी शिदोरी असते, ती म्हणजे मात्रा मोजायची सवय. पुढच्या सगळ्या सरावात तीच उपयोगी पडणार आहे.

पहिला सराव पियानोशिवाय करायचा. मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. डाव्या हाताने प्रत्येक ठोक्याला टेबलावर एक थाप द्या. डावा हात न बोलता, न बघता चालू लागला की उजव्या हाताने दुगुन सुरू करा, म्हणजे ठोक्याला दोन थापा. मग हातांची अदलाबदल करा. हे बहुतेकांना लवकर जमतं, कारण इथे संथ हाताची प्रत्येक थाप दुसऱ्या हाताच्या थापेवरच पडते.

दुसऱ्या सरावात हीच सोय काढून घ्यायची. डावा हात ठोक्यावर ठेवा आणि उजव्या हाताची फक्त मधली थाप वाजवा, जी दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडते. आता दोन्ही हात कधीच एकत्र पडत नाहीत. काही वेळाने उजवा हात पुढे सरकत डाव्याला जाऊन मिळेल. तसं झालं की थांबा, मेट्रोनोम ५० वर आणा आणि पुन्हा सुरू करा. तोंडाने ‘एक-आणि, दोन-आणि’ मोजत राहिलात तर ‘आणि’ हा शब्द उजव्या हाताला धरून ठेवतो.

एवढं जमलं की या सगळ्या विषयाच्या मुळाशी असलेल्या कोड्याकडे जाता येतं. एका हाताने जेवढ्या वेळात दोन स्वर वाजवायचे, तेवढ्याच वेळात दुसऱ्याने तीन. तबलजी ज्याला दीडपट म्हणतात, तीच ही लय. दोन मात्रांच्या जागेत तीन आघात समान अंतराने बसवायचे. फरक इतकाच की तबलजी दीडपट वाजवतो तेव्हा मूळ लय हाताने टाळी देऊन किंवा मनात धरतो, आणि पियानोवर दोन्ही लयी स्वरांतून एकाच वेळी ऐकू याव्या लागतात.

इथे बहुतेकजण दोन्ही हात स्वतंत्रपणे पक्के करतात आणि मग दोन्ही एकदम सोडून देतात, जणू प्रत्येक हात आपली वाट आपोआप धरील. तसं होत नाही. दोन्ही हात मिळून जो एक आकृतिबंध तयार होतो, तो आधी कानाला आणि तोंडाला माहीत असावा लागतो. दोन आणि तीन या दोघांनी भाग जाईल अशी लहानात लहान संख्या सहा, म्हणून एका आवर्तनाचे सहा समान भाग करू या. उजव्या हाताचे तीन आघात दर दोन भागांनी येतील, डाव्याचे दोन दर तीन भागांनी :

भाग : १ २ ३ ४ ५ ६
उजवा : × – × – × –
डावा : × – – × – –

पहिल्या भागावर दोन्ही हात एकत्र पडतात. तिसऱ्यावर उजवा, चौथ्यावर डावा, पाचव्यावर पुन्हा उजवा. दुसरा आणि सहावा भाग रिकामे. डोळे मिटून ऐकलं, तर एका आवर्तनात पाच नव्हे, चारच आवाज कानावर पडतात, कारण पहिले दोन एकमेकांत मिसळलेले असतात. त्या चार आवाजांमधली अंतरं अशी : दोन भाग, एक, एक आणि पुन्हा दोन. छंदशास्त्राच्या भाषेत गुरू, लघू, लघू, गुरू. ‘ये उशिरा’ हे शब्द नेमके याच मापाचे आहेत. ‘ये’ लांब, ‘उ’ आणि ‘शि’ आखूड, ‘रा’ लांब. ‘ये’वर दोन्ही हात, ‘उ’वर उजवा, ‘शि’वर डावा, ‘रा’वर उजवा. मध्ये न थांबता ‘ये उशिरा, ये उशिरा’ म्हणत राहिलं की पूर्ण आवर्तन तोंडात बसतं.

आता मेट्रोनोम पुन्हा ६० वर लावा, पण या वेळी प्रत्येक ठोका म्हणजे सहांपैकी एक भाग. एक आवर्तन सहा सेकंद चालेल. ही लय इतकी संथ आहे की सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण प्रत्येक आघाताआधी तो कुठल्या हाताचा हे ठरवायला वेळ मिळतो. आधी टेबलावर वाजवा. चारही आवाज आपल्या जागी पडू लागले की पियानोकडे या. डाव्या हाताची करंगळी सी या पांढऱ्या पट्टीवर आणि अंगठा त्यावरच्या जी वर ठेवा. उजव्या हाताचा अंगठा वरच्या सप्तकातल्या सी वर, पुढची दोन बोटं डी आणि ई वर. डावा सी, जी वाजवेल, उजवा सी, डी, ई. सी स्वराला षड्ज मानलं, तर खाली सा-प आणि वर सा-रे-ग. हात पट्ट्यांवरून कुठेही सरकवायचा नाही, म्हणजे लक्ष फक्त वेळेवर राहील.

सलग दहा-बारा आवर्तनं न चुकता झाली की मेट्रोनोम एका वेळी आठ-दहा अंकांनी वाढवत १२० पर्यंत न्या. तिथे एक आवर्तन तीन सेकंदांचं होतं. आता गती तीच ठेवून मेट्रोनोम ४० वर लावा. हा ठोका फक्त डाव्या हाताच्या दोन स्वरांवर पडेल आणि उजव्याचे तीन तुम्हाला स्वतः मधे बसवावे लागतील. ते जमलं की मेट्रोनोम ६० वर लावा. आता त्याच गतीत ठोका उजव्याच्या तीन स्वरांवर पडेल. वाजवणं बदललेलं नाही, फक्त आधार एका हाताकडून दुसऱ्याकडे गेला आहे. दोन्ही आधारांवर लय ढळत नसेल, तर दोन्ही लयी खरोखर हातात आल्या असं समजायला हरकत नाही.

चूक कुठे होते हे ओळखण्यासाठी फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. वाजवत असताना आपलं लक्ष बोटांत अडकलेलं असतं, म्हणून चूक निसटते. एका आवर्तनात चारऐवजी तीनच आवाज ऐकू आले, तर डाव्या हाताचा दुसरा स्वर उजव्याच्या एखाद्या स्वराला चिकटला आहे. हात पुन्हा जोडीने चालू लागले, ही त्याची खूण. आवाज चारच आहेत, पण मधले दोन घाईने एकमेकांना भिडल्यासारखे वाटतात, तर उजव्याचे तीन स्वर समान अंतरावर राहिलेले नाहीत. अशा वेळी आवर्तन चालू असतानाच डावा हात उचलून घ्या. उजवा एकटा ऐकताना तीन स्वरांची वाकडी चाल लगेच कळते. मग पुन्हा सहा भाग मोजण्याच्या लयीवर परत या. गती न उतरवता चूक दुरुस्त करायला गेलं, तर हात चुकीचीच जुळणी पक्की करतात.

ही मोजणी म्हणजे मचाण आहे, काम झालं की ते उतरवावंच लागतं. मोजून वाजवताना चारही आवाज सारख्याच जोराने पडतात आणि कानाला दोन चाली न ऐकू येता एकच खडखड ऐकू येते. म्हणून शेवटच्या टप्प्यात उजवा हात ठसठशीत आणि डावा अगदी हलका वाजवा, मग उलट करा. हे मोजणीपेक्षा अवघड जातं, कारण एक हात जोर लावू लागला की दुसराही नकळत लावतो. दर वेळी ज्या हाताचा आवाज मोठा, त्याची चाल मनातल्या मनात गुणगुणा. हळूहळू ‘ये उशिरा’ मागे पडतं आणि वर सा-रे-ग, खाली सा-प अशा दोन वेगळ्या ओळी ऐकू येऊ लागतात.

क्लोद देब्यूसीच्या पहिल्या आराबेस्कमध्ये उजव्या हाताचे तीन आणि डाव्याचे दोन असे पानभर एकमेकांवरून वाहतात. ऐकणाऱ्याला तिथे कुठलंही गणित जाणवत नाही. शोपँने १८३९ मध्ये लिहिलेल्या तीन नव्या एत्यूदपैकी ए फ्लॅट मेजरमधलं एत्यूद याच दोन-तीनच्या अभ्यासाचं आहे, तर एफ मायनरमधल्या एत्यूदमध्ये तिनावर चार येतात. तिथे सहाऐवजी बारा भाग करावे लागतात. एक हात १, ५, ९ वर पडतो, दुसरा १, ४, ७, १० वर, आणि कानावर सहा आवाज येतात. रीत तीच. मात्र पाचावर चारसारख्या प्रमाणांत वीस भाग होतात आणि मोजणी हातांना मदत करण्याऐवजी अडवू लागते. तिथे संथ लाय ठोक्याची धरून प्रत्येक हात त्या ठोक्यापर्यंत समान अंतराने पोचवण्याची वेगळी कसरत करावी लागते, आणि ती दोनांत तीन अंगवळणी पडल्याशिवाय हाती घेऊ नये.