‘नीदर ऑफ द बॉइज’नंतर इज की आर?

‘नीदर ऑफ द बॉइज आर कमिंग’ हे वाक्य बोलण्यात सर्रास ऐकू येते. परीक्षेच्या पेपरात किंवा औपचारिक लेखनात मात्र तिथे ‘इज’ हवे. ‘नीदर’ म्हणजे दोघांपैकी एकही नाही. वाक्याचा कर्ता हा ‘नीदर’ आहे आणि तो एकवचनी आहे. ‘ऑफ द बॉइज’ हे शब्द ते दोघे कोण एवढेच सांगतात. क्रियापदाशी त्यांचा संबंध नाही.

चूक होते ती याच शब्दांमुळे. क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘बॉइज’ हे अनेकवचन येऊन बसते आणि जीभ आपोआप ‘आर’कडे वळते. मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. हाच आशय मराठीत दोन तऱ्हांनी सांगता येतो: ‘दोघांपैकी एकही मुलगा येत नाही’ आणि ‘दोघेही येत नाहीत’. मनात दुसरे वाक्य असले की ‘आर’ तोंडात येते. ‘नीदर’ची घडण पहिल्या वाक्यासारखी आहे. ‘ऑफ द’ काढून ‘नीदर बॉय’ म्हणून पाहिले की शंका फिटते, कारण ‘नीदर बॉय आर कमिंग’ हे कानाला लगेच खटकते.

तरीही ‘आर’ला अडाणीपणाची खूण मानणे बरोबर नाही. चांगले इंग्रजी लेखकही कित्येक शतके अशा जागी अनेकवचन वापरत आले आहेत. फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात एकवचनाचाच आग्रह धरला. आजचे बरेच कोशकार अनौपचारिक बोलण्यात अनेकवचन चालवून घेतात.

‘आयदर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक. त्यालाही हाच नियम लागतो: ‘आयदर ऑफ द बॉइज इज फ्री’. प्रश्नात मात्र ‘आर आयदर ऑफ यू कमिंग?’ असे पुष्कळदा ऐकू येते.

‘नीदर–नॉर’ ही जोडी आली की हिशेब बदलतो. तिथे क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते. ‘नीदर राम नॉर हिज ब्रदर्स आर कमिंग’ यात शेजारी भाऊ आहेत, म्हणून ‘आर’. क्रम उलटला, म्हणजे ‘नीदर हिज ब्रदर्स नॉर राम’ झाले, की ‘इज’. हे बरोबर असले तरी कानाला अवघडते, म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवणे सोयीचे. ‘एक मुलगा किंवा दोन मुली येतील’ याऐवजी भूतकाळ घेतला, तर मराठीही ‘आल्या’ असे शेवटच्या नामाकडे पाहूनच म्हणते.

‘ईच’च्या बाबतीत जागा महत्त्वाची. ‘ईच ऑफ द बॉइज हॅज अ बॅट’ इथे कर्ता ‘ईच’, म्हणून ‘हॅज’. ‘द बॉइज ईच हॅव अ बॅट’ इथे कर्ता ‘बॉइज’ आहे. ‘ईच’ मागाहून येऊन प्रत्येकाची बॅट वेगळी एवढेच सांगतो, म्हणून ‘हॅव’.